मेसचं शेवटचं बिल, खाडे आणि डिपॉझिटचा हिशेब

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात मी शेवटच्या सेमिस्टरपर्यंत राहिले. मेसचं बिल दर सेमिस्टरला यायचं. आकडा बघायचा, कुरकुरायचं आणि भरून टाकायचं, अशी आमची पद्धत होती. शेवटचं बिल मात्र तसं सोडता येत नाही. त्यात डिपॉझिट वळतं करून घेतात, आणि 'हिशेब मान्य' म्हणून सही केली की खातं बंद होतं. त्यानंतर काही सापडलं तर कुणी फाईल उघडत नाही. मे-जूनमध्ये मी या सगळ्यातून गेले. पुढच्या बॅचच्या मुलींचे 'हे बिल वाचायचं कसं' असे मेसेज येत आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

१६ मे २०२५, शुक्रवारी बिल हातात आलं. एका पानावर एवढंच होतं:

एकूण दिवस (६ जानेवारी ते १० मे): १२५
भोजन आकारणी: १४,१५०
वजा रजा सूट (१० दिवस): ९००
निव्वळ आकारणी: १३,२५०
वजा जमा आगाऊ रक्कम: १२,०००
येणे: १,२५०
मागील बाकी: ७२०
एकूण येणे: १,९७०
जमा डिपॉझिट: ५,०००
परतावा: ३,०३०

खाली सहीसाठी रेघ. खिडकीवरचे काका म्हणाले, "सही करून आजच देऊन टाक, म्हणजे पहिल्या लॉटमध्ये पैसे येतील." मागे रांग होती आणि बऱ्याच जणींनी तिथल्या तिथे सह्या केल्या. मी बिलाचा फोटो काढला, "सोमवारी देते" म्हटलं आणि वर खोलीत आले. सही सोमवारी दिल्याने फार तर एखादा आठवडा उशीर झाला असता. खोली महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे होती, त्यामुळे तेवढी घाई नव्हती.

आधी बेरीज-वजाबाकी तपासली. ती चोख होती. ती बहुतेक वेळा चोखच असते, कारण कॉम्प्युटर करतो. गडबड त्याच्या आधी होते, कोणता दिवस कोणत्या रकान्यात गेला तिथे. म्हणून मी बिल बाजूला ठेवलं आणि स्वतःचा हिशेब कोऱ्या कागदावर सुरुवातीपासून मांडला. बिलातला आकडा समोर ठेवून तपासायला बसलं की डोकं तो आकडा बरोबर ठरवायच्याच मागे लागतं, असा माझा अनुभव आहे.

दिवस मोजले. जानेवारीचे २६, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे १०, एकूण १२५. हे जुळलं. सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरायचे असतात, तिथे एक दिवस मागेपुढे होतो, तेवढं बघा.

मग दर. मार्चअखेरपर्यंत रोजचे ११० रुपये होते आणि १ एप्रिलपासून १२० झाले. दरवाढीची नोटीस मेसच्या दारावर लागली होती आणि तिचा फोटो आमच्या ग्रुपवर होता. म्हणजे पहिले ८५ दिवस ११० ने ९,३५० आणि पुढचे ४० दिवस १२० ने ४,८०० रुपये. बेरीज १४,१५०. हेही जुळलं. दर मध्येच बदलला असेल तर ही ओळ दोन तुकड्यांत करून बघाच, कारण बिलावर एकच रक्कम छापलेली असते आणि नवा दर मागच्या दिवसांनाही लागला की नाही ते तिच्यावरून कळत नाही.

इथून पुढे खाड्यांचा भाग येतो आणि तिथे नियम माहीत असल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. आमच्या वसतिगृहाची नियमपुस्तिका प्रवेशाच्या वेळी मिळते आणि त्याच दिवशी बॅगेच्या तळाशी जाते. मी ती रूममेटकडून घेतली. मेसच्या रजेबद्दल तिच्यात चारच गोष्टी होत्या. सलग चार किंवा जास्त दिवस गैरहजर असाल तरच सूट. अर्ज दोन दिवस आधी द्यायचा. ज्या दिवशी एक वेळचं जरी जेवलात, नाश्तासुद्धा, तो दिवस हजेरीत. आणि सूट मिळणार ती फक्त जिन्नसांच्या खर्चाची, स्थायी खर्चाची नाही.

या शेवटच्या वाक्यावर आमच्या मजल्यावर दर वर्षी वाद होतो. माझी रूममेट म्हणायची, "मी जेवलेच नाही तर एक रुपया तरी का द्यायचा?" पण आचारी, पोळ्या लाटणाऱ्या मावशी आणि भांडी घासणारे यांचा पगार आपण गावी गेलो म्हणून कमी होत नाही. रोजच्या दरातले ३० रुपये त्यासाठी धरलेले होते. त्यामुळे ११० च्या दरात खाड्याची सूट ८० रुपये आणि १२० च्या दरात ९० रुपये. मला ३० चा आकडा थोडा जास्तच वाटतो. पण तो मेस कमिटीच्या ठरावात होता आणि वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केलेला होता, तेव्हा त्यावर बिलाच्या वेळी भांडण्यात अर्थ नव्हता. भांडायचं तर ठराव होताना.

माझ्या तीन रजा होत्या. रजेच्या अर्जाची दुसरी प्रत शिक्का मारून परत देतात, ती मी वहीत ठेवायचे. तिचं पुढे एवढं काम पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिली रजा महाशिवरात्रीची. २५ फेब्रुवारीला दुपारी मेसमध्ये जेवून संध्याकाळच्या एसटीने उदगीरला गेले आणि २ मार्चला, रविवारी रात्री परत आले. गेटवर नोंद झाली १० वाजून २० मिनिटांची आणि मेस ९ ला बंद होते. म्हणजे २५ हजेरीत आणि २६ फेब्रुवारी ते २ मार्च असे पाच पूर्ण खाडे.

दुसरी पाडव्याची. २९ मार्चचा शनिवार, ३० ला पाडवा, ३१ ला ईदची सुट्टी. खाडे तीनच, सूट शून्य. तिन्ही दिवसांचे पूर्ण पैसे भरायचे, इलाज नाही.

तिसरी एप्रिलची. आजारी पडले म्हणून ११ तारखेला दुपारी जेवून घरी गेले ती २१ ला पहाटे परत आले.

बिलात सूट होती ती एकाच रजेची, १० दिवस, ९० रुपयांनी ९००. म्हणजे एप्रिलची रजा धरली होती आणि महाशिवरात्रीची गायब होती. वर एप्रिलचे दिवस १० कसे, हा वेगळा प्रश्न. २१ तारखेला मी सकाळी सामान खोलीत टाकून थेट मेसमध्ये पोहे खायला गेले होते आणि त्या दिवशी दोन्ही वेळा जेवलेही होते. नियमाने तो दिवस हजेरीचा. खाडे १२ ते २०, म्हणजे नऊच. इथे बिल माझ्या बाजूने ९० रुपयांनी चुकलं होतं.

हे ९० रुपये सांगायचे की गप्प बसायचं, यावर रात्री खोलीत बरीच चर्चा झाली. मी सांगायचं ठरवलं. त्यात चांगुलपणा किती आणि सोय किती हे सांगणं अवघड आहे. सोय अशी, की महाशिवरात्रीसाठी मी रजिस्टर तपासायला लावणार होते आणि रजिस्टर उघडलं की २१ एप्रिलची माझी खूण त्यांना दिसणारच होती.

आता मागील बाकी ७२०. जुलै ते डिसेंबरच्या सेमिस्टरला आगाऊ रकमेपेक्षा बिल ७२० ने जास्त आलं होतं, हे खरं. पण ते मी १० जानेवारीला भरले होते आणि पावती होती. पावती नीट वाचली तेव्हा कारण कळलं. त्याच दिवशी मी वसतिगृहाची फीसुद्धा भरली होती आणि दोन्ही पावत्यांवर शीर्ष एकच पडलं होतं, 'वसतिगृह शुल्क'. ७२० रुपये कॉलेजकडे पोहोचले होते, पण खोलीच्या खात्यात. मेसच्या खात्याला त्यांची खबरच नव्हती, म्हणून तिथे बाकी दिसत राहिली आणि शेवटी डिपॉझिटमधून कापली गेली. पावती घेताना रकमेइतकंच शीर्षही बघा. खिडकीवर असतानाच सांगितलं तर तिथल्या तिथे बदलून देतात, पण नंतर त्याला व्हाउचर लागतं.

माझ्या कागदावरचा हिशेब असा झाला. फेब्रुवारी-मार्चचे पाच खाडे ८० ने ४०० रुपये, एप्रिलचे नऊ खाडे ९० ने ८१० रुपये, एकूण सूट १,२१०. १४,१५० मधून ती वजा करून १२,९४०. आगाऊ १२,००० जमा आहेत, म्हणजे येणे ९४०. डिपॉझिटमधून तेवढेच कापायचे, परतावा ४,०६०.

स्वतःचा हिशेब बरोबर आहे हे बघायला तो मी दुसऱ्या वाटेनेही करून पाहिला. ही वाट तुम्हीही वापरा, कारण कुठल्या कॉलेजचं बिल एका पद्धतीने असतं आणि कुठलं दुसऱ्या. हजर दिवसांना पूर्ण दर लावायचा आणि खाड्यांना फक्त स्थायी खर्चाचे ३० लावायचे. मार्चअखेरपर्यंत ८० हजर दिवस ११० ने ८,८०० आणि पाच खाडे ३० ने १५०. एप्रिल-मेमध्ये ३१ हजर दिवस १२० ने ३,७२० आणि नऊ खाडे ३० ने २७०. सगळी बेरीज १२,९४०. दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या म्हणजे खाडे दोनदा वजा झालेले नाहीत. तुमच्या बिलात 'हजर दिवस गुणिले दर' अशी ओळ असेल आणि खाली पुन्हा सूटही वजा केलेली असेल, तर एकच खाडा दोनदा धरला आहे. तेव्हा खूश व्हायच्या आधी विचारा, कारण ऑडिटमध्ये ते वसूल होतं.

बिलात आणि माझ्या हिशेबात १,०३० चा फरक होता. तो कुठून आला हे तुकड्यांत सांगता आलं पाहिजे, नाहीतर ऑफिसात कुणी ऐकून घेत नाही. खाड्यांचे ४०० अधिक बाकीचे ७२०, वजा जास्त दिलेले ९०. बरोबर १,०३०.

सोमवारी, १९ मेला अर्ज दिला. एका पानाचा, रेक्टर मॅडमच्या नावे. तक्रार हा शब्द टाळून विषय लिहिला 'मेस बिलातील नोंदींची फेरतपासणी'. तीन मुद्दे, प्रत्येकापुढे तारखा आणि रक्कम. सोबत रजेच्या अर्जाची शिक्क्याची प्रत, २ मार्चच्या एसटीच्या तिकिटाची प्रत आणि ७२० ची पावती. झेरॉक्सला पंधरा-वीस रुपये गेले. मूळ पावती कुणालाही देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घेतला. तो क्रमांक नसता तर पुढचा आठवडा मी 'कुठला अर्ज?' हेच ऐकत बसले असते.

२१ मेला मॅडमनी बोलावलं. त्यांनी मेसचं हजेरी रजिस्टर आणि गेटचं रजिस्टर दोन्ही मागवून ठेवली होती. मेसचं रजिस्टर म्हणजे लांबट वही, प्रत्येक महिन्याचं नवं पान, डावीकडे खोली क्रमांक आणि नावं, वर एक ते एकतीस तारखा. जेवलं की टिंब, खाडा असला की लाल शाईची फुली. पानाच्या उजव्या टोकाला दोन रकाने, 'एकूण खाडे' आणि 'मान्य खाडे'. फेब्रुवारीच्या पानावर माझ्या ओळीत शेवटी तीन फुल्या होत्या. एकूण खाडे ३, मान्य ०. मार्चचं पान उलटलं तर सुरुवातीला दोन फुल्या आणि महिन्याच्या शेवटी पाडव्याच्या तीन. मान्य पुन्हा ०.

महिनाअखेर आली की पान बंद होतं आणि सलगपणाही तिथेच तुटतो. २८ फेब्रुवारी आणि १ मार्च यांच्यामध्ये एकही दिवस नाही, पण वहीच्या हिशेबाने ती दोन वेगळी गैरहजेरी होती. एक तीन दिवसांची, एक दोन दिवसांची, आणि दोन्ही चारच्या आत. नियमात 'सलग चार दिवस' आहे, 'एका महिन्यात' असं कुठेच नाही. मेसचे काका म्हणाले, "पण आपण पहिल्यापासून असंच धरतो." मॅडमनी पुस्तिका वाचली, मग वही वाचली आणि विचारलं, "पाडव्याला किती मुली गेल्या होत्या?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाडव्याच्या सुट्टीला बऱ्याच मुलींनी मुद्दाम मंगळवार, १ एप्रिल जोडून चार खाडे केले होते, सूट मिळावी म्हणूनच. त्यांचे तीन खाडे मार्चच्या पानावर आणि एक एप्रिलच्या. एकीलाही सूट मिळालेली नव्हती आणि त्यातल्या काहींनी शुक्रवारी सह्यासुद्धा करून टाकल्या होत्या. प्रत्येकीची सूट ३३० निघत होती, तीन दिवस ८० ने आणि एक ९० ने. मॅडमनी महिना ओलांडणाऱ्या सगळ्या रजा पुन्हा काढायला सांगितल्या आणि सह्या झालेल्यांची बिलंही त्यात घ्यायला लावली.

२१ एप्रिलचं कारणही तिथेच कळलं. गेटच्या रजिस्टरमध्ये परतीची तारीख २१ होती आणि एप्रिलचे खाडे कुणीतरी मेसच्या वहीऐवजी गेटच्या तारखांवरून काढले होते, जाण्याचा दिवस सोडून पण परतीचा धरून. मेसच्या वहीत २१ ला टिंब स्पष्ट होतं. तेव्हा वाद आला तर मेसची वहीच बघायला मागा. गेटच्या वहीतून फक्त आपण आवारात कधी होतो ते कळतं, जेवलो की नाही ते कळत नाही. २ मार्चला मात्र गेटच्या वेळेनेच माझं काम केलं, कारण मेस बंद झाल्यावर आले हे तिच्यावरूनच सिद्ध झालं.

मॅडमनी अर्जावर शेरा मारला, 'नोंदी तपासल्या, दुरुस्त करावे', आणि तो अकाउंट्सकडे गेला. तिथले क्लार्क रजेवर होते, २६ पर्यंत. दुसरं कुणी हात लावत नाही. हे दिवस सगळ्यात कंटाळवाणे गेले. खोलीत सामान बांधलेलं, मेस बंद आणि बाहेरच्या डब्याचे रोज दीडशे रुपये. चारशे रुपयांच्या खाड्यांसाठी मी डब्यावर किती घालवतेय हा हिशेब मी मुद्दाम केला नाही. गाव लांब असेल तर अर्ज देऊन, आवक क्रमांक घेऊन घरी जा आणि फोनवर पाठपुरावा करा. एखादी ज्युनिअर मागे असेल तर तिच्याकडे अधिकारपत्र द्या. मला नोकरीच्या मुलाखतीमुळे तसंही पुण्यातच थांबायचं होतं.

७२० चा विषय अकाउंट्समध्ये अपेक्षेपेक्षा लवकर मिटला. खोलीच्या खात्यात माझ्या नावावर ७२० जास्तीचे जमा दिसतच होते. क्लार्क म्हणाले, "हे इकडे कशाला आले हेच मला कळत नव्हतं." त्यांनी शीर्ष बदलाचं व्हाउचर केलं आणि माझी त्यावर सही घेतली. त्या सहीआधी कागदावर 'मेस' खात्याचं नाव आहे ना हे वाचलं.

दुरुस्त बिल २८ मेला आलं. सूट १४ दिवस, १,२१० रुपये. मागील बाकी शून्य. परतावा ४,०६०. या वेळी सही केली, तारीख टाकली आणि सही केलेल्या बिलाचाही फोटो काढला. सोबत डिपॉझिटची मूळ पावती, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि रद्द केलेला चेक. माझी पावती २०२१ च्या डिसेंबरातली होती आणि शाई उडत चालली होती. आकडा वाचता येत होता म्हणून निभावलं. थर्मल पेपरवरच्या पावतीची झेरॉक्स मिळाल्या दिवशीच काढून ठेवा. ज्या मैत्रिणीची पावती हरवली होती तिला अर्ज देऊन जुन्या पावती पुस्तकातून नोंद शोधून घ्यावी लागली. ते झालं, पण तिचा नंबर पुढच्या लॉटमध्ये गेला.

क्लार्कनी सवयीने रेव्हेन्यू स्टॅम्प मागितला. तो पाच हजारांवरच्या पावतीला लागतो, माझी रक्कम त्याच्या आत होती. पण एक रुपयाच्या तिकिटावरून वाद घालायची ताकद उरली नव्हती, शेजारच्या मुलीकडून घेतलं आणि लावलं.

३० मेला नो ड्यूजवर मेस, लायब्ररी, लॅब आणि रेक्टर अशा चारही सह्या झाल्या. १७ जूनला खात्यात ४,०६० जमा झाले. बँकेच्या मेसेजमध्ये फक्त कॉलेजच्या ट्रस्टचं नाव होतं, कशाचे पैसे ते नव्हतं. खोलीचं ३,००० चं डिपॉझिट वेगळं येतं, वेगळ्या खात्यातून आणि वेगळ्या तारखेला. त्यामुळे जी रक्कम येईल ती आधी दुरुस्त बिलाशी जुळवून बघा. माझं खोलीचं डिपॉझिट अजून यायचं आहे, पंख्याच्या रेग्युलेटरवर इलेक्ट्रिशियनचा शेरा बाकी आहे.